इओसिनोफिल वाढल्या, पण कशामुळे? तीन औषधांनी उलगडलेली गोष्ट

सीबीसीच्या रिपोर्टात ‘इओसिनोफिल 12 टक्के’ दिसलं की आपल्याकडे लगेच ‘ॲलर्जी आहे’ म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. दमा, सर्दी, अंगावरची खाज यांत रक्तातल्या या पांढऱ्या पेशी वाढतात, पण सहसा थोड्याच. म्हणून टक्क्यांपेक्षा नेमका आकडा काढावा. एकूण पांढऱ्या पेशी 9,000 आणि त्यांतल्या 12 टक्के, म्हणजे 1,080. साधारण 500 पर्यंत ठीक समजतात.

पॉल एर्लिख यांनी 1879 मध्ये इओसिन या रंगाच्या साहाय्याने या पेशी वेगळ्या ओळखल्या. त्या वाढतात कशाने, हे मात्र बऱ्याच अंशी औषधांनीच दाखवून दिलं.

1940 मध्ये मदनपल्लीच्या क्षयरुग्णालयातून फ्रिमोट-मोलर आणि बार्टन यांनी क्षयासारख्या दिसणाऱ्या, पण क्षय नसलेल्या रुग्णांची नोंद केली. 1943 मध्ये वाइनगार्टन यांनी त्याच आजाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ म्हटलं. त्यावर आर्सेनिकच्या इंजेक्शनांनी गुण येतो, हे उपदंशावर उपचार करताना योगायोगाने कळलं. नंतर हत्तीरोगावरचं डीईसी हे औषधही लागू पडलं, आणि मूळ हत्तीरोगाच्या जंतात आहे याला बळ मिळालं.

सांगली जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही. समजा, विट्याचा, सोनं-चांदी गाळणारा एक गलाई कारागीर हत्तीरोग आढळणाऱ्या बिहारमध्ये बरीच वर्षं राहून गावी आलाय. रात्री दोन-तीनच्या सुमाराला कोरड्या खोकल्याने उठून बसतो, छातीत घरघर होते, एक्स-रेत बारीक ठिपके आहेत. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. एकूण पेशी 20,000, इओसिनोफिल 45 टक्के, म्हणजे 9,000. नुसत्या ॲलर्जीने एवढा आकडा क्वचितच जातो. रात्री घेतलेल्या रक्तातही हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं सापडत नाहीत, कारण शरीर त्यांना फुप्फुसातच मारतं. त्यामुळे तेवढ्यावर ‘हत्तीरोग नाही’ म्हणणं चूक. अशा वेळी हत्तीरोगाविरुद्धच्या अँटिबॉडी तपासतात आणि वजनाच्या दर किलोला रोज 6 मिलिग्रॅम या हिशेबाने तीन आठवडे डीईसी देतात. खोकला बहुधा काही दिवसांतच उतरतो. इथे ‘तू कुठे कुठे राहिलास?’ हा प्रश्न एखाद्या महागड्या तपासणीइतकाच कामाचा ठरतो, असं मला मनापासून वाटतं.

ना ॲलर्जी, ना जंत, तरीही आकडा 1,500 च्या वर टिकून, असे थोडे रुग्ण उरतात. त्यांना 1968 मध्ये हार्डी आणि अँडरसन यांनी ‘हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम’ या एका नावाखाली आणलं. या पेशी हृदयाच्या आतल्या अस्तराला इजा करतात, म्हणून त्यांचा इको करावाच लागतो. काहींना इमॅटिनिब ही रक्ताच्या कर्करोगावरची गोळी देऊन पाहिली, तर आकडा झपाट्याने खाली आला. त्या धाग्याने शोध घेतल्यावर 2003 मध्ये कारण हाती लागलं: चौथ्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळतो आणि FIP1L1 व PDGFRA ही दोन जनुकं जोडली जातात. नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत ही गळती दिसत नाही, फिश किंवा पीसीआर ही जनुकांची तपासणी मुद्दाम मागवावी लागते. ती मागवली नाही, तर रोज 100 मिलिग्रॅमच्या गोळीने आटोक्यात येणारा रुग्ण वर्षानुवर्षं स्टेरॉइडवरच राहतो.