तक्त्यातल्या रिकाम्या चौकटी

मोबाइल आपलं बोलणं चोरून ऐकतो आणि मग सिनेमे सुचवतो, असं मला अनेकांनी खात्रीने सांगितलं आहे. पण सिनेमा सुचवायला ऐकण्याची गरजच नसते. याचा उत्तम दाखला २००६ सालचा आहे. कोणता प्रेक्षक कोणत्या चित्रपटाला पाचपैकी किती तारे देईल याचा अंदाज बांधायची १० लाख डॉलरची स्पर्धा नेटफ्लिक्सने तेव्हा लावली आणि सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले तारे खुले केले. त्यात प्रेक्षकाचं वय नव्हतं, गाव नव्हतं, नावाच्या जागी नुसता क्रमांक होता.

प्रत्येक प्रेक्षकाची एक आडवी रांग आणि प्रत्येक चित्रपटाचा एक उभा रकाना, असा तक्ता मांडला तर ८५० कोटींहून जास्त चौकटी होतात. भरलेल्या होत्या फक्त १० कोटी, म्हणजे शंभरात जेमतेम एक. उरलेल्या चौकटींचा अंदाज इतरांच्या ताऱ्यांवरून बांधायचा, यालाच कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग म्हणतात.

सायमन फंक या नावाने लिहिणाऱ्या स्पर्धकाने त्याच डिसेंबरात आपली रीत जाहीर केली, आणि मला ती अजूनही विलक्षण सुंदर वाटते. प्रत्येक प्रेक्षकाला काही आकडे द्यायचे, प्रत्येक चित्रपटालाही तितकेच. जोडीजोडीने गुणाकार करून बेरीज केली की अंदाज तयार. हे मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन. प्रत्येकी ४० आकडे धरले, तरी ८५० कोटी चौकटींचं काम दोन कोटी आकड्यांत भागतं.

हे आकडे सापडतात चुकांमधून. समजा, प्रेक्षकाचे आकडे ०.८ आणि −०.५, चित्रपटाचे ०.५ आणि −०.२. गुणाकारांची बेरीज ०.५. ती ३.५ या सरासरी अंदाजात मिळवली की ४ तारे. प्रेक्षकाने प्रत्यक्षात ५ दिले, म्हणजे चूक १. आता चित्रपटाच्या प्रत्येक आकड्यात प्रेक्षकाच्या जोडीदार आकड्याचा दहावा भाग मिळवायचा, आणि उलटही. नवे आकडे ०.८५, −०.५२ आणि ०.५८, −०.२५. बेरीज ०.६२ झाली, अंदाज ५ च्या दिशेने सरकला. चूक उणे असती तर आकडे उलट सरकले असते. दहा कोटी ताऱ्यांवरून असं पुन्हा पुन्हा फिरत राहायचं. फार फिरलो तर आकडे जुने तारे पाठ करतात. ते कळावं म्हणून काही तारे झाकून ठेवतात आणि चूक त्यांच्यावर मोजतात. पत्रिका बघून आवडनिवड सांगणारा ज्योतिषी स्वतःला अशा परीक्षेला सहसा बसवत नाही.

पण आज आलेल्या प्रेक्षकाची रांग पूर्ण रिकामी असते. चूकच नाही, तर त्याचे आकडे सरकणार कसे? ते शून्यावरच राहतात आणि उरते चित्रपटाची सरासरी. म्हणून सगळ्या नवख्यांना तेच लोकप्रिय सिनेमे दिसतात. हा कोल्ड स्टार्ट. एक तारा मिळाला तरी ४० अज्ञात आकड्यांना एकच समीकरण, म्हणून त्याचे आकडे सुरुवातीला मुद्दाम शून्याजवळ रोखून धरतात. चित्रपटांचे आकडे मात्र आधीच पक्के असतात, त्यामुळे नव्या माणसाचे तेवढे काढायला थोडी उत्तरंही पुष्कळ उपयोगी पडतात. त्यासाठी सुरुवातीला काय विचारावं? सर्वांना आवडलेला सिनेमा विचारून काहीच कळत नाही. पुष्कळांनी पाहिलेला, पण ज्यावर निम्मे खूश आणि निम्मे नाराज आहेत, असा सिनेमा विचारावा.