नववी खूण आणि चुकलेली बरोबरी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका वर्गात आठवीची मुलं पायथनमध्ये फुली-गोळा बनवत होती. एका मुलीने जिंकणारी फुली मारली आणि स्क्रीनवर उमटलं, ‘बरोबरी’. नियम सगळे बरोबर लिहिलेले होते. घोटाळा होता तो तपासण्याच्या क्रमात.

नऊ घरांचा पट संगणकात एका सरळ लिस्टमध्ये ठेवतात. वरच्या ओळीतली घरं 0, 1, 2, मधली 3, 4, 5 आणि खालची 6, 7, 8. रिकाम्या घरात एक मोकळी जागा असते. पण लिस्टला पटाचा आकार कळत नाही. 2, 3, 4 हे आकडे ओळीने येतात, तरी पटावर ती घरं एका रेषेत नाहीत. म्हणून जिंकणाऱ्या आठ रेषा आपणच लिहून द्यायच्या: तीन आडव्या, तीन उभ्या आणि दोन तिरप्या.

```python
LINES = [(0,1,2),(3,4,5),(6,7,8),(0,3,6),
         (1,4,7),(2,5,8),(0,4,8),(2,4,6)]

def winner(b):
    for i, j, k in LINES:
        if b[i] != " " and b[i] == b[j] == b[k]:
            return b[i]
    return None
```

यातली `b[i] != " "` ही अट विसरलात, तर तीन रिकामी घरंही एकमेकांसारखीच ठरतात आणि पहिल्याच खुणेनंतर ‘रिकामी जागा जिंकली’ असा निकाल लागतो. ही चूक लगेच दिसते, म्हणून तिची फारशी भीती नाही.

खरी फसवी चूक त्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये होती. प्रत्येक खुणेनंतर तो आधी पट भरला का ते बघायचा (`" " not in b`), आणि भरला असेल तर बरोबरी जाहीर करून थांबायचा. विजेता शोधायची पाळीच यायची नाही. आता हा पट बघा:

```
X X O
O X X
O O X
```

शेवटची फुली 8 व्या घरात पडली. पट भरलाय हे खरं, पण 0, 4, 8 ही तिरपी रेषाही पूर्ण झालीय. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी खऱ्या असतात, म्हणून विजेता आधी शोधायचा आणि तो नसेल तरच पट भरला का ते विचारायचं.

असं क्वचित घडत असेल, असं वाटेल. पण सगळे शक्य डाव क्रमासकट मोजले, तर नवव्या खुणेपर्यंत जाणारे डाव 1,27,872 भरतात. त्यातले 81,792 फुली त्या शेवटच्या खुणेवर जिंकते. खऱ्या बरोबऱ्या फक्त 46,080. म्हणजे पट भरलेल्या दर तीन डावांतल्या जवळपास दोन डावांचा निकाल हा प्रोग्रॅम चुकवतो. एरवी तो अगदी नीट चालतो, कारण पाचव्या, सहाव्या, सातव्या किंवा आठव्या खुणेवर डाव संपला तर पट भरलेलाच नसतो. घाईघाईत खेळून तपासणाऱ्याच्या नजरेतून ही चूक त्यामुळेच निसटते.

आपला प्रोग्रॅम तपासायचा असेल तर फुलीपासून सुरुवात करून आळीपाळीने या घरांत खुणा करा: 0, 2, 1, 3, 4, 7, 5, 6, 8. फुली जिंकली असं आलं, तर क्रम बरोबर आहे.