डिटेक्टरचा आकडा लेखक ओळखत नाही

‘एआयचं लेखन ओळखणाऱ्या डिटेक्टरने ९८ टक्के एआय दाखवलं, म्हणजे लेख मशीननेच लिहिला ना?’

नाही. डिटेक्टरसमोर लेखक नसतो, फक्त शब्द असतात. अशा अनेक साधनांमधलं भाषा-मॉडेल प्रत्येक शब्दाआधी पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतं. ‘सूर्य पूर्वेला’ यानंतर ‘उगवतो’ आलं तर अंदाज जुळला. ‘अडखळतो’ आलं तर धक्का. धक्के कमी आणि वाक्यं एकाच मापाची असली, की कौल एआयकडे झुकतो.

पण जपून, मोजक्या शब्दांत लिहिणारा माणूसही असंच लिहितो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध ७ डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले! मग त्यांनी चॅटजीपीटीकडून त्याच निबंधांची शब्दसंपदा वाढवून घेतली, तेव्हा चुकीचा ठपका सुमारे १२ टक्क्यांवर आला. म्हणजे मशीनचा हात लागल्यावर मजकूर जास्त ‘माणसाचा’ वाटू लागला. मला यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटते.

म्हणून केवळ या आकड्यावर कुणाला दोषी ठरवणं अन्याय आहे. शंका असेल तर कच्चे खर्डे आणि फाइलमधल्या बदलांचा इतिहास पाहा, लेखकाशी मजकुरावर बोला.