नियम आणि वापर: रशियन शब्दप्रयोग तपासण्यामागची पार्श्वभूमी

मराठी माणूस निर्णय ‘घेतो’, स्पर्धेत भागही ‘घेतो’. रशियनमध्ये या दोन्ही ठिकाणी घेण्याचं साधं क्रियापद ‘ब्रात्’ चालत नाही. तिथे ‘प्रिनिमात्’ लागतं, म्हणजे स्वीकारणं. ‘प्रिनिमात् उचास्तिये’ म्हणजे भाग घेणे. एखाद्याने ‘ब्रात् उचास्तिये’ लिहिलं तर व्याकरण कुठेही मोडत नाही, अर्थही कळतो, पण रशियन वाचकाच्या कानाला खटकतं. असं खटकणारं पकडायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर गेल्या वीसेक वर्षांत बरंच बदललं आहे.

आधी आधार होता तो एकभाषी कोशांचा. 1935 ते 1940 दरम्यान चार खंडांचा कोश निघाला, 1949 मध्ये घरोघरी पोचलेला एकखंडी कोश आला, आणि सतरा खंडांचा अकादमिक कोश 1965 मध्ये पुरा झाला. यांत अर्थापेक्षा मोलाची असत ती अर्थापुढची उदाहरणं आणि ‘जुनं’, ‘पुस्तकी’, ‘बोलीतलं’ असे छोटे शेरे. नाम उघडायचं आणि त्याखाली कोणती क्रियापदं दिली आहेत ते पाहायचं, ही तेव्हाची रीत आजही पहिली पायरी म्हणून उत्तम आहे. अडचण एकच. जोडी कोशात नसली, तर ती चुकीची आहे की संपादकाला जागा पुरली नाही, हे कळत नाही.

2004 मध्ये रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष लेखनातल्या मजकुरांचा शोधता येणारा मोठा संग्रह, सर्वांसाठी खुला झाला आणि ही कोंडी फुटली. त्याआधी, 1977 मध्ये, सुमारे दहा लाख शब्दांच्या मजकुरावरून वारंवारिता कोश, म्हणजे कोणता शब्द किती वेळा येतो हे सांगणारा कोश, निघाला होता. पण दहा लाखांत सुटे शब्द मोजता येतात, जोड्या फार थोड्या सापडतात.

मात्र यातून एका शब्दाचा गुंता वाढला. तो शब्द ‘नॉर्मा’, म्हणजे प्रमाण. कोश सांगतो ते प्रमाण, कॉर्पस दाखवतो तो ‘ऊझुस’, म्हणजे प्रत्यक्ष वापर. 2009 मध्ये हा भेद चव्हाट्यावर आला. सरकारी आदेशाने चार पुस्तकं प्रमाण ठरवली गेली आणि 1 सप्टेंबरपासून ती लागू झाली. गदारोळ उठला तो कॉफीवरून. ‘कोफे’ हा शब्द पुल्लिंगीच हवा असं शाळेत घोटून घेतलेलं असताना नपुंसकलिंगही मान्य कसं, म्हणून लोक चिडले. वास्तविक ती सूट बोलीपुरती म्हणून आधीच्या कोशांतही होती. माझ्या मते खरी गंमत दुसरीकडेच होती. त्या यादीत शुद्धलेखनाचा, व्याकरणाचा, आघातांचा आणि वाक्प्रचारांचा कोश होता, पण शब्दार्थ देणारा एकही नव्हता. भाषांतरकार रोज उघडतो तोच प्रकार गायब! 2025 च्या नव्या यादीत तो आला. तरी कोणतीही यादी ‘हे सहज वाटतं का’ याचं उत्तर देत नाही. ती फक्त ‘हे चालतं का’ एवढंच सांगते.

कॉर्पसही आंधळेपणाने वापरता येत नाही. वरचीच जोडी घेऊ. ruscorpora.ru वर शब्द-व्याकरण शोधात (лексико-грамматический поиск) दोन खाने मूळ रूपांनी भरायचे, म्हणजे क्रियापदाची सगळी रूपं एकदम येतात:

```
брать | взять
участие
```

अंतर एक ते तीन शब्द ठेवायचं. उदाहरणं निघतात, आणि नवखा माणूस इथेच फसतो. मुख्य संग्रहात अठराव्या शतकापासूनचे मजकूर आहेत. फ्रेंच वळणाची ही जोडी त्या जुन्या लेखनात येतेच. म्हणून आकड्याआधी साल बघायचं, आणि शोध 1950 नंतरच्या मजकुरापुरता आवळायचा. मग लेखक किती वेगवेगळे आहेत ते मोजायचं, कारण एकाच लेखकाची पाच उदाहरणं म्हणजे एकच साक्षीदार. युक्रेनियनमध्ये ‘भाग घेणे’ला घेण्याचंच क्रियापद लागतं, त्यामुळे एखादं अलीकडचं उदाहरण तिकडच्या वळणाचंही असू शकतं.

‘प्रिनिमात्’वाली जोडी शोधली तरी दोन-चार वाक्यं उघडून वाचावी लागतात. ‘उचास्तिये’चा दुसरा अर्थ आहे आस्था, कळवळा. अनाथ मुलाच्या संदर्भात तीच जोडी आली, तर कुणी कशात भाग घेतलेला नसतो, त्या मुलाची काळजी वाहिलेली असते. दोन्ही अर्थांची वाक्यं एकाच आकड्यात जमा होतात, यंत्र ती वेगळी करत नाही.

आणखी एक खड्डा समांतर मजकुरांच्या विभागात आहे. तिथे मूळ आणि भाषांतर शेजारी-शेजारी दिसतं, म्हणून तो हाताशी सोयीचा वाटतो. पण परभाषेतून आलेल्या जोडीतली रशियन बाजू स्वतःच भाषांतर असते. आपली शंका ज्या दोषाबद्दल आहे तोच दोष तिथे छापील दाखला होऊन बसलेला असू शकतो. तिथून पर्याय उचलावा आणि मूळ रशियन लेखनात तो सापडतो का, हे पुन्हा मुख्य संग्रहात बघावं.