डोपामिन ‘साडेचारने’ चालू आहे, म्हणजे नक्की कशाने?

सकाळची ओव्हर चालू असते. रात्रपाळीची सिस्टर पेंगुळलेल्या डोळ्यांनी सांगते, “बेड चार, डोपामिन साडेचारने चालू आहे.” ओव्हर घेणारी वहीत ४.५ लिहून घेते आणि पुढच्या बेडकडे वळते. हे वाक्य मी आयसीयूत वर्षानुवर्षं ऐकलं आणि आता वर्गात मुलींच्या उत्तरपत्रिकांत रोज वाचते. साडेचार काय? विचारलं की उत्तर येतं, “मिली, मॅडम.” मिली कशाचे? इथे वर्ग गप्प होतो.

डोस आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोस म्हणजे पेशंटच्या शरीरात किती औषध जातंय. वेग म्हणजे सिरिंजमधून किती पाणी सरकतंय. पंपाच्या पडद्यावर `mL/h` दिसतं, तो वेग. डॉक्टर केसपेपरवर `mcg/kg/min` लिहितात, तो डोस. दोन्हींच्या मध्ये एक तिसरा आकडा उभा असतो, तो म्हणजे सिरिंजमध्ये दर मिलीत किती औषध आहे. तो माहीत नसेल तर पंपावरचा आकडा काहीच सांगत नाही.

थेंबांचं गणित तुम्हाला येतं, त्यामुळे ते पटकन उरकते. साध्या सेटला २० थेंबांचा १ मिली, मायक्रोड्रिपला ६० थेंबांचा. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं असेल तर ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे २०.८, म्हणजेच मिनिटाला २१ थेंब. मायक्रोड्रिपवर मिनिटाचे थेंब आणि तासाचे मिली हा आकडा एकच येतो. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचायचा. यात फारसं कुणी चुकत नाही. चूक होते ती सलाईनच्या जागी औषध आल्यावर, कारण मुली त्यालाही सलाईनसारखंच मोजायला लागतात.

आता बेड चार नीट बघू.

प्रश्न असा: पेशंटचं वजन ६० किलो. डोपामिन मिनिटाला दर किलोमागे ५ मायक्रोग्रॅम द्यायचं आहे. अँप्यूल ५ मिलीची, तिच्यात २०० मिलिग्रॅम. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये एक अँप्यूल भरली. पंप कितीवर लावाल?

आधी पंप विसरा, फक्त पेशंट बघा. त्याला मिनिटाला ५ × ६० = ३०० मायक्रोग्रॅम लागतात. पंप तासात बोलतो, म्हणून ३०० × ६० = १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला १८ मिलिग्रॅम. इथपर्यंत सिरिंजचा काही संबंध आलेला नाही आणि येऊही नये. हा आकडा पेशंटचा आहे. सिरिंज कशीही भरा, तो बदलणार नाही.

मग सिरिंज बघा. २०० मिलिग्रॅम ५० मिलीत, म्हणजे दर मिलीत ४ मिलिग्रॅम. १८ भागिले ४ = ४.५. पंप तासाला साडेचार मिलीवर.

उत्तर बरोबर आले की मुली पेन खाली ठेवतात. खरा प्रश्न यापुढे आहे.

दुपारी सिरिंज संपत आली. डॉक्टरांनी पेशंटला पाणी कमी जावं म्हणून डबल स्ट्रेंथ करायला सांगितलं. दुपारच्या सिस्टरने दोन अँप्यूल भरून, ४०० मिलिग्रॅम ५० मिलीत, नवी सिरिंज लावली. वहीत ४.५ होतं, तिनेही ४.५ लावलं. पंपावर सकाळचाच आकडा, कुणाला वावगं काही दिसलं नाही. आता डोस काढा, उलट दिशेने. दर मिलीत ८ मिलिग्रॅम. ४.५ × ८ = तासाला ३६ मिलिग्रॅम, म्हणजे ३६,००० मायक्रोग्रॅम. भागिले ६० मिनिटं म्हणजे ६००, भागिले ६० किलो म्हणजे १०. पेशंटला दुप्पट औषध जातंय.

डोपामिनचा नेहमीचा पल्ला साधारण २ ते २० असतो, त्यामुळे १० हा आकडा कुठल्याही तक्त्यात ‘सुरक्षित’च दिसेल. म्हणूनच ही चूक सापडत नाही. सुरक्षित मर्यादा औषधाची असते, पण या पेशंटला ५ सांगितले होते. सापडते ती मॉनिटरवर: सिरिंज बदलल्यानंतर थोड्या वेळाने नाडी ९० वरून १३० कडे सरकते, बीपी चढतं, कधी मध्येच जादा ठोके पडू लागतात. सिरिंज बदलल्यावर असं काही दिसलं तर पंप बिघडला म्हणून वायरी हलवत बसू नका. आधी सिरिंजवरचं लेबल वाचा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. बरोबर वेग होता २.२५.

आणि लेबल! सिरिंजवर नुसतं ‘डोपामिन’ लिहून चिकटवलेली पट्टी बघितली की माझं डोकं फिरतं. औषध, एकूण मिलिग्रॅम, एकूण मिली, दर मिलीत किती, तारीख, वेळ, सही. एवढं मावत नसेल तर मोठी पट्टी घ्या. ओव्हरसुद्धा अशी द्यायची: “डोपामिन, पन्नास मिलीत दोनशे, वजन साठ, पाच मायक्रोने, पंपावर साडेचार.” पाच सेकंद जास्त लागतात.

याच प्रश्नात अजून एक ठेच लागते. ५० मिलीची सिरिंज भरायची म्हणजे अँप्यूलचे ५ मिली आणि सलाईनचे ४५. बऱ्याच मुली ५० मिली सलाईन घेऊन त्यात अँप्यूल घालतात, मग एकूण ५५ मिली होतात आणि दर मिलीत ४ ऐवजी साधारण ३.६ मिलिग्रॅम पडतं. डोस ५ ऐवजी साडेचारच्या आसपास जातो. जीव जाणारी चूक नाही, पण बीपी का धरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात.

जुन्या आयसीयूमधली एक युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच: वजनाच्या तिप्पट मिलिग्रॅम औषध ५० मिलीत घाला, मग पंपावरचा मिलीचा आकडा हाच मायक्रोचा डोस. ६० किलोला १८० मिलिग्रॅम, दर मिलीत ३.६, तासाला १ मिली म्हणजे बरोबर १ मायक्रो. हिशेब पक्का आहे. तरी मला ती युक्ती आवडत नाही. तिच्यात वेग आणि डोस एकाच आकड्यात मिसळतात, प्रत्येक बेडची सिरिंज वेगळ्या ताकदीची होते आणि अँप्यूलमधलं उरलेलं २० मिलिग्रॅम कुठे गेलं हे कुणालाच आठवत नाही. सगळ्या बेडना एकच ठरलेली ताकद आणि प्रत्येक वेळी गणित, हेच बरं. भिंतीवरचे तयार तक्ते तर मला बिलकुल खपत नाहीत. ६० किलोसाठी केलेल्या तक्त्यातला साडेचार ४५ किलोच्या आजीला लावला तर तिला ५ नाही, साधारण ६.७ मायक्रो जातात.

हाच गोंधळ इन्सुलिनमध्ये वेगळ्या वेषात येतो. आपल्याकडे बाटलीत मिलीला ४० युनिटचंही इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटचंही. ४० च्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला नारिंगी. सिरिंजवर छापलेले युनिट फक्त तिच्या जोडीच्या इन्सुलिनसाठी खरे असतात. इतर वेळी ते नुसते पाण्याचे माप.

प्रश्न: २० युनिट द्यायचे आहेत. बाटली १०० ची, हातात लाल टोपीची सिरिंज. २० च्या रेषेपर्यंत भरलं तर किती गेलं? लाल सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे २० भागिले ४०, अर्धा मिली. १०० च्या बाटलीतल्या अर्ध्या मिलीत ५० युनिट असतात. अडीचपट डोस, आणि पेशंट घामाघूम होऊन बेशुद्ध पडायला वेळ लागत नाही. उलट घोळ केला, ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या रेषेवर ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. मग साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो आणि पुढे कुणीतरी योग्य सिरिंज आणली की तो वाढवलेला डोस अंगाशी येतो. जोडीची सिरिंज नसेल तर मिलीत हिशेब करत बसू नका, फार्मसीतून योग्य सिरिंज मागवा. आणि ‘युनिट’ पूर्ण शब्दात लिहा. नुसतं `U` घाईत शून्यासारखं दिसतं, ४ चे ४० होतात.

शेवटचा प्रश्न पोटॅशियमचा, कारण त्यात मर्यादाच मुळात मिलीत नसते. अँप्यूल १० मिलीची, दर मिलीत २ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे एकूण २०. ती ५०० मिली सलाईनमध्ये घालून ४ तासांत द्यायची आहे. वॉर्डातल्या पेशंटला हाताच्या शिरेतून तासाला १० च्या वर नको. थेंब किती आणि मर्यादेत आहे का?

आधी मर्यादा. २० भागिले ४ = तासाला ५, ठीक आहे. मग थेंब: ५०० भागिले ४ = तासाला १२५ मिली, गुणिले २०, भागिले ६०, मिनिटाला ४२ थेंब. (इथे अँप्यूलचे १० मिली मी सोडून दिले. बाटली संपेपर्यंत जाणार २०च, त्यामुळे फरक नगण्य आहे. डोपामिनच्या सिरिंजमध्ये मात्र सोडायचे नाहीत.) नातेवाइकाने “सलाईन लवकर संपू दे” म्हणून रोलर ढिला केला आणि बाटली दोन तासांत संपली, तर तासाला १० गेले, अगदी काठावर. दीड तासात संपली तर १३ च्या वर. मिनिटाचे थेंब मोजले तरच हे कळतं, कारण बाटलीकडे बघून ती साधी सलाईनच वाटते.

एवढं गणित बरोबर असूनही डोस चुकू शकतो. लटकवलेल्या बाटलीत पोटॅशियम टोचलं आणि हलवली नाही, तर ते जड असल्याने तळाशी, सेटच्या तोंडाशी साचतं आणि सुरुवातीच्या थेंबांतच बरंचसं निघून जातं. बाटली खाली उतरवून टोचायची, आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, लेबल लावायचं आणि मगच टांगायची.