खोक्यातली भर आणि खोक्यातली गादी: बबल रॅप काढताना गल्लत कुठे होते

काचेच्या बरणीतून मध, लोणचं किंवा तूप गावातून बाहेर पाठवणारे प्लास्टिक बंद करायचं ठरवतात तेव्हा सहसा एकच प्रश्न विचारतात: बबल रॅपच्या जागी काय घालू? पण खोक्यातलं प्लास्टिक दोन वेगळी कामं करत असतं. एक काम भरीचं, म्हणजे रिकामी जागा व्यापून वस्तू जागची हलू न देण्याचं. दुसरं काम गादीचं, म्हणजे खोकं आपटलं की तो दणका स्वतः दबून खाण्याचं. हवेच्या पिशव्या आणि थर्माकोलचे दाणे मुख्यतः भर असतात, बबल रॅप ही गादी. दोन्ही खोक्यात कोंबलेलीच दिसतात, त्यामुळे बबल रॅप काढून तिथे रद्दीचे बोळे घातले की बदल झाला असं वाटतं. प्रत्यक्षात गादी गेलेली असते आणि भर दुप्पट झालेली असते.

गादीचा सगळा हिशोब थांबायला मिळणाऱ्या अंतराचा आहे. 75 सेंटीमीटरवरून पडलेली बरणी अडीच सेंटीमीटरात थांबली, तर तिच्यावर स्वतःच्या वजनाच्या निदान 30 पट जोर येतो. तीच अर्ध्या सेंटीमीटरात थांबली तर 150 पट. म्हणून गादीला जाडी लागते आणि त्या जाडीत दबायला वाव लागतो. मेळघाटाकडे मधाचं काम करणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं होतं, "भाऊ, खोकं तं गच्च भरलं होतं, मंग बाटली फुटली कशी?" गच्च भरलं होतं म्हणूनच फुटली. दाबून दाबून बसवलेल्या रद्दीला आणखी दबायला जागा उरत नाही. ती विटेसारखी होते आणि खोक्याचा दणका जसाच्या तसा काचेला देते.

भरीची खोड उलटी. सैल चुरगाळलेला कागद पॅक करताना छान फुगलेला दिसतो, पण तालुक्याच्या रस्त्यावर गाडीत तासभर हादरे बसले की खाली बसतो. वर दोन बोटं पोकळी होते, बरण्या आडव्या होतात आणि एकमेकींवर आपटतात. काचेवर काच आपटणं हे सगळ्यात वाईट, कारण तिथे मध्ये काहीच नसतं. बबल रॅपमधली हवा दबून पुन्हा फुगते. कागद पहिल्या दणक्यात दबला की बहुतेक दबलेलाच राहतो. कागदाची ही मर्यादा धरूनच बांधणी करावी लागते.

माल फुटून आला तर नेमकं काय कमी पडलं हे ओळखता येतं. ग्राहकाकडून दोन फोटो मागवावेत: बंद खोक्याचा आणि उघडल्या उघडल्या आतला. खोक्याचा कोपरा चेपलाय आणि फुटलेली बरणी त्याच कोपऱ्याला टेकलेली आहे, तर गादी कमी. खोकं बाहेरून धड आहे, पण आत बरण्या आडव्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या आहेत, तर भर बसली. दुसऱ्या रोगावर लोक गादी वाढवतात आणि खर्च तेवढा वाढतो.

आता अर्धा-अर्धा किलो मधाच्या दोन काचेच्या बरण्या घेऊ. बरणीचा व्यास साडेसात सेंटीमीटर, उंची बारा, काचेसकट दोन्हींचं वजन साधारण दीड किलो. बाजारात सहज मिळतं म्हणून 30×25×20 चं खोकं घेतलं जातं आणि उरलेली जागा भरीने बुजवली जाते. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरात गुणून 5000 ने भागतात आणि येणारं वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे घेतात. इथे ते 3 किलो भरतं. म्हणजे दीड किलोचा माल आणि जवळपास तेवढेच पैसे हवेचे.

त्याऐवजी आतून 23×13×17 मापाचं खोकं बनवून घ्यावं. त्याचं आकारमानाचं वजन किलोभर येतं, त्यामुळे पैसे खऱ्या वजनाचेच लागतात. वाचलेल्या भाड्यात गादीचा खर्च सहसा निघून जातो. प्रत्येक बरणीला टू-प्लाय रोलचे, म्हणजे एका बाजूने नालीदार असलेल्या पुठ्ठ्याचे, तीन वेढे द्यावेत. जाडी साधारण एक सेंटीमीटर होते. दोन बरण्यांच्या मध्ये उभा पुठ्ठा घालावा. खाली आणि वर किराणा दुकानातल्या जुन्या खोक्यांच्या पट्ट्या पंख्यासारख्या घडी घालून, अडीच सेंटीमीटर उंच अशा ठेवाव्यात. बाजूच्या दीड सेंटीमीटरात क्राफ्ट कागदाच्या पिळलेल्या वळ्या बसवाव्यात. बोटाने दाबल्या तर दबाव्यात, पण हलू नयेत. इथे वेगळ्या भरीची गरजच उरत नाही. माझ्या मते प्लास्टिक भरीला सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे बेताचं खोकं.

जाळीचा कागद हल्ली बराच खपतो. तो ताणून जाळी उघडली आणि दोन-तीन पदर दिले तरच गादी होतो. न ताणता गुंडाळला तर तो महागडा कागद.

पहिलं खोकं विकायला नव्हे, आपटायला बांधावं. दहा किलोच्या आतल्या खोक्यासाठी वापरात असलेली पद्धत अशी: सुमारे 76 सेंटीमीटरवरून दहा वेळा टाकायचं. आधी खोक्याचा जोड येतो तो तळाचा कोपरा, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा, मग सहाही बाजू. त्याआधी खोकं गाडीच्या कॅरिअरला बांधून कच्च्या रस्त्याने फिरवून आणावं, म्हणजे भर किती बसते तेही कळतं. मधाऐवजी तेवढ्याच वजनाचं वाळू-पाणी भरलं तरी चालतं; नुसतं पाणी मधापेक्षा हलकं, तेवढ्या वजनाचं बरणीत मावत नाही. नुसतं पाठवत राहून अंदाज येत नाही. शंभर पार्सलं धड पोचली तरी फुटण्याचं खरं प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकतं.

आणि टक्क्याला किंमत आहे. समजा माल, भाडं आणि पुन्हा पाठवणं धरून एक फुटलेलं पार्सल 700 रुपयांना पडतं. शंभरात एक फुटायचं तिथे दोन फुटू लागली, तर प्रत्येक पार्सलमागे 7 रुपये गेले. कागद बदलून 4 रुपये वाचवले असतील तर 3 रुपये तोटाच.

राहिलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा. भंडारा-गोंदियाकडे ते बांधावर पडलेलं असतं आणि नागपुरी संत्र्याच्या लाकडी पेट्यांत पूर्वापार वापरात आहे. पण संत्रं थोडं दबून घेतं, काच घेत नाही. काचेसाठी तणस भर म्हणून चांगलं. गादी म्हणून भरवसा नको, कारण काड्या सरकतात आणि बरणी हळूहळू तळाला जाते. मातीच्या भांड्यांसारखा मोठा, वेडावाकडा माल असेल, तिथे आत पुठ्ठ्याचे वेढे आणि बाहेर तणस ही जोडी जमते. ओलसर तणसाला बुरशी धरते आणि लेबलला डाग पडतात. मूठभर तणस बारीक कापून कोरड्या बरणीत चमचाभर मिठासोबत हलवावं. मिठाचे गोळे झाले तर अजून ऊन दाखवायला हवं. पावसाळ्यात तणस वाळत नाही आणि पुठ्ठाही मऊ पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर भर कागदाचीच ठेवावी आणि खोकी जमिनीपासून वर, फळीवर रचावीत. परदेशी पाठवायच्या मालात तणस घालूच नये. कीड येईल म्हणून अनेक देश गवत-तणसाचं पॅकिंग बंदरावरच अडवतात.