फेरिटिन नॉर्मल, तरी लोह कमी: ट्रान्स्फेरिन रिसेप्टरच्या तपासणीमागची कथा

निपाणीच्या एक विडी कामगार मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन वर्षांचे रिपोर्ट होते. वय ४४, आठ वर्षांपासून रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो. हिमोग्लोबिन ८.६. "बाई, गोळ्या खाऊन संडासला काळं हुतंय, पण रगत काय वाढंना झालंय," असं त्या म्हणाल्या. सगळ्यात वरच्या कागदावर फेरिटिन ६२ होतं आणि शेजारी प्रयोगशाळेची मर्यादा छापलेली होती, १३ ते १५०. आकडा मर्यादेत बसतो, तेव्हा लोह पुरेसं आहे आणि रक्त आमवातामुळेच कमी आहे, असं त्यांना आधी एका ठिकाणी सांगण्यात आलं होतं. त्यांच्या पुढच्या उपचाराचा घोळ या एका आकड्यातून झाला. तो आकडा फसवा का ठरतो, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

फेरिटिन हे लोह साठवून ठेवणारं प्रथिन. लाउफबर्गर यांनी १९३७ साली ते घोड्याच्या प्लीहेतून वेगळं केलं. रक्तात ते इतकं थोडं असतं की त्याची मोजणी जमायला १९७२ साल उजाडलं. तोवर शरीरातला साठा बघायचा तर हाडातून मगज काढून त्याला निळा रंग देत आणि सूक्ष्मदर्शकाखाली लोहाचे कण शोधत. हाडात सुई घालायच्या त्या तपासणीच्या जागी साध्या रक्ताच्या नमुन्यावर भागू लागलं, म्हणून फेरिटिनचं जोरात स्वागत झालं. निरोगी माणसात ते योग्यही होतं, कारण रक्तद्रवाच्या एका लिटरमधल्या फेरिटिनच्या एका मायक्रोग्रॅममागे शरीरात साधारण ८ मिलिग्रॅम लोहाचा साठा असा हिशेब तिथे जुळतो. पण दोनच वर्षांत, १९७४ साली, लिपशिट्झ, कुक आणि फिंच यांनी दाखवलं की यकृताच्या आजारात आणि सूज-संसर्गात फेरिटिन साठ्याशी फारकत घेऊन वर चढतं.

हे का होतं, याचा उलगडा व्हायला आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली. आमवातासारख्या आजाराने शरीरात कुठेही दाह, म्हणजे सूज, असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. हे संप्रेरक २००० च्या सुमारास सापडलं आणि २००४ साली त्याची कामाची पद्धत कळली. पेशींतून लोह बाहेर सोडणारं एक दार असतं, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन ते दारच मोडीत काढून वाट बुजवतं. मग जुन्या रक्तपेशी खाऊन लोह गोळा करणाऱ्या पेशींत ते लोह अडकतं आणि आतड्यातूनही आत येत नाही. शिवाय दाहामुळे फेरिटिनची निर्मिती थेटही वाढते. निपाणीत राहणाऱ्याला हे सांगायचं तर वखारीत तंबाखू आहे पण वखारीला कुलूप आहे, आणि बाहेर विड्या वळणाऱ्या बायका सूप रिकामं घेऊन बसल्यात. फेरिटिन फक्त वखारीकडे बघतं. त्यातही दाह असताना वखारीत आहे त्यापेक्षा जास्त माल दाखवतं.

मग बाहेर बसलेल्यांकडे कोण बघणार? इथे रिसेप्टर येतो. हाडाच्या मगजात तयार होणारी प्रत्येक कोवळी लाल पेशी ट्रान्स्फेरिनकडून, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाकडून, लोह घेते आणि ते पकडायला तिच्या अंगावर रिसेप्टर असतात. लोह कमी पडलं की ती पेशी रिसेप्टर वाढवते. या रिसेप्टरचा बाहेरचा भाग तुटून रक्तात विरघळतो, आणि तो रक्तात फिरतो हे १९८६ च्या सुमारास जपानमध्ये कोहगो यांच्या गटाने दाखवलं. नंतर १९९० साली कॅन्सासच्या स्किक्ने, फ्लॉवर्स आणि कुक यांनी एक साधा पण कष्टाचा प्रयोग केला. निरोगी माणसांचं रक्त थोडंथोडं काढत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही मोजलं. साठा शिल्लक होता तोवर फेरिटिन उतरत गेलं आणि रिसेप्टर जागचा हलला नाही. साठा संपल्यावर मात्र रिसेप्टर चढू लागला. म्हणजे एक तपासणी साठा सांगते, दुसरी तुटवडा. दाहाने दुसरीचा आकडा सहसा फुगत नाही, हे १९९२ च्या अभ्यासात स्पष्ट झालं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं कामाचं वळण तेच आहे.

पुढे १९९७ साली फिनलंडच्या पुन्नोनेन यांनी दोन्ही आकडे जोडले: रिसेप्टरला फेरिटिनच्या लॉगने, म्हणजे दहाच्या पायावरच्या लॉगॅरिदमने, भागायचं. लॉग का? फेरिटिन १० पासून हजारापर्यंत धावतं. लॉग घेतल्यावर ते १ ते ३ मध्ये बसतं आणि रिसेप्टरला गिळून टाकत नाही.

आता मावशींचा कागद पुन्हा घेऊ. दाह मोजणारा सीआरपी ३८ होता, ५ च्या आत हवा. रक्तातलं लोह २६ आणि टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह वाहायची एकूण क्षमता, २५०. म्हणजे ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन, त्या क्षमतेचा भरलेला भाग, जेमतेम १० टक्के. हे १० टक्के लोहाच्या कमतरतेतही येतात आणि नुसत्या दाहातही. त्याने निकाल लागत नाही. म्हणून विरघळलेल्या रिसेप्टरसाठी नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. आकडा ६.४ आला, तिथली वरची मर्यादा ४.४. फेरिटिन ६२ चा लॉग १.७९, आणि ६.४ भागिले १.७९ म्हणजे सुमारे ३.६. हा निर्देशांक १ च्या खाली असला तर नुसता दाहाचा ॲनिमिया, २ च्या वर असला तर त्यात लोहाची खरी कमतरताही मिसळलेली, असं ढोबळ वाचन केलं जातं. त्याच फेरिटिनवर रिसेप्टर १.५ आला असता तर निर्देशांक ०.८ झाला असता आणि मी आमवाताच्या औषधांकडेच लक्ष दिलं असतं.

कमतरता खरी, तर लोह जातंय कुठे? मावशी सांध्यासाठी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या रोज घेत होत्या. त्यांनी ते आधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. एंडोस्कोपीत जठरात झिरपणाऱ्या जखमा दिसल्या. वेदनाशामक बंद केले, जठराचं औषध दिलं आणि लोह शिरेतून दिलं, कारण आतड्याचं दार हेप्सिडिनने बंद केलेलं होतं. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झालं.

ही तपासणी वापरताना तिची मर्यादा विसरून चालत नाही. ती लोहाची भूक दाखवते, तशीच पेशींची गर्दीही दाखवते. थॅलेसेमिया, रक्तपेशी फुटण्याचा आजार, बी-१२ ची कमतरता किंवा रक्तपेशी वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं असली की लोह पुरेसं असूनही रिसेप्टर चढतो. मावशी मांस खात होत्या आणि त्यांचं बी-१२ ठीक होतं, म्हणून तो आकडा मला मानता आला. दुसरी अडचण कंपन्यांच्या किटची. एका किटचा ६ दुसऱ्या किटचा ६ नसतो आणि काही ठिकाणी एककही वेगळं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण नमुना तयार केला तरी फरक पुरता मिटलेला नाही. म्हणून निर्देशांकाचं वाचन नेहमी त्या प्रयोगशाळेच्या मर्यादेसोबतच करावं लागतं, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे एका ओळीत मांडता येत नाहीत.

खानापूर किंवा चिकोडीच्या दवाखान्यातून प्रत्येकाचा नमुना पाठवणं परवडणारं नाही, आणि गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार दाह असलेल्या प्रौढात फेरिटिन ७० च्या खाली असलं तरी कमतरता धरता येते; दाह नसेल तर ती रेषा १५ ची. मावशींचं ६२ या नियमातही खाली पडत होतं. फेरिटिनसोबत सीआरपी त्याच नमुन्यातून मागवली असती, तर रिसेप्टरची वाट न बघताही संशय आला असता. रिसेप्टर ठेवावा तो ७० च्या वरच्या, शंभर-दीडशेपर्यंतच्या धूसर पट्ट्यासाठी. त्या दिवशी मावशींच्या रिपोर्टवर मी ६२ च्या भोवती पेनाने गोल केला आणि शेजारी सीआरपी ३८ लिहिलं. पुढच्या खेपेला त्या तोच कागद घेऊन आल्या, घड्या पडलेला, गोल तसाच.